नवी गाडी, तीच तक्रार: डीलरला लिहायचं पत्र

डीलरला लिहिलेली तक्रारपत्रं बहुतेक एकाच वळणाची असतात. 'आपल्याकडून नवीन मोटारसायकल घेतली तेव्हापासून एकही दिवस सुखाचा गेला नाही. अनेक वेळा गाडी दाखवली, पण दर वेळी उडवाउडवीची उत्तरं मिळाली. मला प्रचंड मानसिक त्रास झाला आहे. गाडी ताबडतोब बदलून द्यावी, अन्यथा ग्राहक न्यायालयात जावं लागेल.' लिहिणाऱ्याचा संताप खरा असतो. कर्ज काढून घेतलेली गाडी चार महिन्यांत रस्त्यात बंद पडायला लागली तर कोणाचंही डोकं फिरेल. पण हे पत्र वर्कशॉपच्या मॅनेजरच्या हातात पडतं तेव्हा त्याला त्यातून काहीच कळत नाही. गाडी नेमकं काय करते, कधी करते, कितव्यांदा करते, आणि त्याने उद्या सकाळी काय करायचं, यातलं एकही उत्तर त्यात नसतं. मग तो दोन ओळींचं उत्तर पाठवतो: 'गाडी कधीही घेऊन या, तपासून देऊ.' आणि ग्राहक जिथे होता तिथेच राहतो.

गाडीचा दोष कायम दिसणारा असेल, म्हणजे चिमटा वाकडा आहे, टाकी गळते आहे, तर पत्राची वेळ सहसा येत नाही. दाखवलं की दिसतं आणि वॉरंटीत बदलून मिळतं. पत्र लिहावं लागतं ते येऊन-जाऊन असलेल्या दोषासाठी. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेला असावा, तसा हा दोष वर्कशॉपच्या दारात नाहीसा होतो. म्हणून अशाच एका प्रकरणाचं उदाहरण इथे सविस्तर सांगतो. गाडी माझ्या भाच्याची आहे, डीलर आणि कंपनी यांची नावं मुद्दाम घेत नाही.

भाचा वाईला राहतो आणि नोकरीला रोज साताऱ्याला जातो. गाडी 125 सीसीची, फ्युएल इंजेक्शनची, ऑगस्टमध्ये घेतलेली. महिन्याभरातच ती बंद पडायला लागली, आणि तीही सकाळी निघताना कधीच नाही. पाचवडला हायवेला लागून बरंच अंतर कापलं, इंजिन चांगलं तापलं, की लिंब फाट्याच्या आसपास इंजिन एकदम गप्प व्हायचं. मागून ट्रक येत असताना कशीबशी गाडी कडेला घ्यायची. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पहिल्याच सेल्फला चालू. त्याने तीन वेळा वर्कशॉपला गाडी नेली. पहिल्यांदा थ्रॉटल बॉडी साफ करून दिली, दुसऱ्यांदा पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली, तिसऱ्यांदा बॅटरीचे टर्मिनल आवळले. तिन्ही वेळा मेकॅनिकने वर्कशॉपभोवती एक ट्रायल मारली आणि गाडी 'ओके' म्हणून परत दिली.

इथे मेकॅनिकला कामचुकार ठरवण्याआधी वर्कशॉपचा हिशोब समजून घेतला पाहिजे. वॉरंटी देते कंपनी, काम करतो डीलर. डीलर वॉरंटीत एखादा पार्ट बदलतो तेव्हा त्याची किंमत आणि मजुरी तो कंपनीकडे क्लेम करतो. त्यासाठी दोष दाखवावा लागतो: स्कॅनरवर आलेला कोड, मीटरने घेतलेलं माप, किंवा खराब झालेला जुना पार्ट. कंपनीने क्लेम नाकारला तर खर्च डीलरच्या अंगावर. ज्या दोषाचा पुरावा समोर नाही त्यासाठी नवा पार्ट लावायला सुपरवायझर धजत नाही. साफसफाई करणं, नट आवळणं, पेट्रोल बदलणं, याला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तेवढंच होतं. तेव्हा पत्राने करायचं काम हे, की दोष पकडण्याची जबाबदारी आणि पद्धत दोन्ही कागदावर आणायच्या. सुपरवायझर प्रामाणिक असेल तर असं पत्र त्याच्याही उपयोगी पडतं, कारण तेच दाखवून तो कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलावू शकतो.

पत्राची तयारी मात्र पत्राच्या कितीतरी आधी, जॉब कार्डावर होते. वर्कशॉपमध्ये गाडी लावताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर विचारतो, 'काय प्रॉब्लेम?' आपण दोन मिनिटं सगळं सांगतो, तो लिहितो 'जनरल चेकअप' किंवा 'स्टार्टिंग प्रॉब्लेम'. आपण न वाचता सही करतो. भाच्याच्या पहिल्या जॉब कार्डावर 'पिकअप कमी' असं लिहिलेलं होतं. त्याची तक्रार पिकअपची नव्हतीच. पुढे प्रकरण वाढलं असतं तर डीलर सहज म्हणू शकला असता की पहिली तक्रार वेगळी, दुसरी वेगळी, वारंवार तोच दोष आलेलाच नाही. म्हणून सही करण्याआधी आपलं वाक्य आपल्या शब्दांत लिहून घ्यावं आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच वाक्य, तेच शब्द. 'गाडी 25-30 कि.मी. चालून तापल्यावर इंजिन अचानक बंद, 15 मिनिटांनी चालू.' एवढं पुरतं. जागा नसेल तर कार्डाच्या मागे किंवा समासात लिहावं, आणि आपल्या प्रतीवरही ते उतरलंय ना ते पाहावं. आता बऱ्याच ठिकाणी जॉब कार्ड संगणकावर निघतं आणि मोबाइलवर त्याची प्रत येते. ती प्रत पुसू नये.

गाडी परत घेताना दुसरी सही असते. तिच्यावर छापलेलं असतं की काम समाधानकारक झालं, गाडी तपासून घेतली. तापल्यावर येणारा दोष दारात कसा तपासणार? तिथे सहीच्या वर 'दोष गेला की नाही हे लांब अंतर चालवल्यावर कळेल' असं हाताने लिहून मग सही करावी. सुपरवायझर कुरकुरला तरी गाडी अडवून ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची, ती स्कॅनरच्या कोडची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि दुचाक्यांत कार्ब्युरेटर जाऊन जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिनचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक पाहतो. एखाद्या सेन्सरकडून येणारा संदेश चुकला तर तो एक कोड साठवून ठेवतो आणि मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा लावतो. मेकॅनिक स्कॅनर जोडून कोड वाचतो आणि काम झालं की पुसून टाकतो. पुसणं ही रीतच आहे, पण त्याबरोबर आपला पुरावाही जातो. म्हणून 'कोड पुसण्याआधी जॉब कार्डावर लिहा, कोड नसेल तर नाही म्हणून लिहा' असं सांगावं. प्रत्येक दोषाचा कोड पडतोच असं नाही. तरीही 'कोड आढळला नाही' या ओळीला किंमत आहे, कारण वर्कशॉपने स्कॅनर जोडून पाहिल्याची ती नोंद असते.

आता दोषाचं वर्णन. भाचा मला नुसतं 'बंद पडते' म्हणाला तेव्हा मी त्याला काही गोष्टी पाहायला सांगितल्या, आणि पत्राला खरा भरीवपणा आला तो त्यातून. इंजिन बंद पडलं त्या क्षणी मीटर विझला का? मीटरसकट सगळं विझलं तर संशय बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा किल्लीच्या स्विचवर जातो. मीटर चालू राहून इंजिन आचके देत, दम तोडत बंद पडलं तर पेट्रोल पोचत नसावं: पंप, फिल्टर, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. आणि मीटर चालू असताना, कोणी स्विच दाबल्यासारखं इंजिन एका क्षणात गप्प झालं तर ठिणगीकडचं काही तरी, म्हणजे क्रँकचा सेन्सर, साइड स्टँडचा स्विच, किल स्विच किंवा त्यांची वायरिंग.

भाच्याची गाडी तिसऱ्या तऱ्हेने बंद पडत होती. त्यातही त्याने एक बारीक गोष्ट टिपली. इंजिन गप्प झालं तरी गाडी वेगात असल्यामुळे गिअरमध्येच थोडी पुढे जात राहते. तेव्हा मागचं चाकच इंजिनला फिरवत असतं. इंजिन फिरतंय म्हणजे मीटरवर आरपीएमचा आकडा दिसायला हवा. पेट्रोल संपून गाडी बंद पडली असती तर वेगाबरोबर तो आकडा हळूहळू उतरला असता. याच्या मीटरवर गाडी धावत असतानाच आरपीएम एकदम शून्य झाला. म्हणजे इंजिन फिरत होतं, पण ते फिरतंय ही बातमीच ईसीयूला मिळत नव्हती. ती बातमी देतो क्रँकचा सेन्सर. गॅरेजमध्ये पुष्कळजण त्याला अजूनही पल्सर कॉइल म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो मॅग्नेटोच्या कव्हरखाली, इंजिनच्या उष्णतेत बसलेला असतो. आत बारीक तारेची गुंडाळी असते. तार कुठे तरी तडकलेली असेल तर गार असताना टोकं टेकलेली राहतात, तापून प्रसरण झालं की सुटतात. ती बातमी थांबली की ईसीयू ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. गार झाल्यावर टोकं पुन्हा टेकतात आणि गाडी काहीच न झाल्यासारखी चालू होते. वर्कशॉपमध्ये सकाळी गार इंजिनवर ओहममीटर लावला तर माप अगदी बरोबर येणार.

गाडी कडेला थांबवल्यावर करायची एक सोपी पाहणीही आहे. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद घूं करतो. तो आवाज येतो का? सेल्फ दाबल्यावर इंजिन नेहमीसारखं घुमतं का? हे सगळं होऊनही गाडी पेटत नाही, हे भाच्याने मोबाइलवर चित्रित केलं. मीटर, त्यावरचे किलोमीटर, पंपाचा आवाज, सेल्फचा आवाज आणि पंधरा मिनिटांनी चालू झालेली गाडी. चित्रण गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घेतल्यावरच करावं. चालत्या गाडीवर मोबाइल हातात धरण्याइतका कोणताही पुरावा मोलाचा नाही.

एवढं कळल्यावर भाच्याला वाटलं, पत्रात सरळ 'सेन्सर बदलून द्या' लिहावं. मी नको म्हटलं. निदान करणं हे वर्कशॉपचं काम आहे आणि ते त्यांच्याच गळ्यात राहिलं पाहिजे. आपण सांगितलेला पार्ट त्यांनी बदलला आणि दोष निघाला वायरिंगच्या जोडात, तर 'तुम्ही सांगितलंत तेच केलं' हे उत्तर तयार असतं. पत्रात लक्षणं लिहावीत, ती जितकी नेमकी लिहिता येतील तितकी नेमकी. नावं ठेवू नयेत आणि पार्टचं नावही घेऊ नये.

'गाडी बदलून द्या' ही मागणी पहिल्याच पत्रात का नको, तेही सांगायला हवं, कारण बहुतेकांचा भर तिथेच असतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. पण किती वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्यायची, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयासमोर मारुती कंपनीच्या एका मोटारीच्या क्लचचं प्रकरण होतं. वॉरंटीत दोषी पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं बंधन आहे, पूर्ण गाडी बदलण्याचं नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. डीलर आणि कंपन्यांचे वकील या निकालाचा आधार घेतात. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवायचे तर दोष मुळातूनच उत्पादनाचा आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवावं लागतं. ते दाखवण्याचा रस्ता असा, की दुरुस्तीची पुरेशी आणि योग्य संधी दिली, ती लेखी दिली, आणि तरीही दोष राहिला. पहिलं पत्र ही संधी देण्यासाठी असतं. पुढचा हक्क मात्र त्यात राखून ठेवायचा.

पत्र डीलरला लिहायचं आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला द्यायची, यात चुकू नये. डीलर हा कंपनीचा नोकर नसतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या सालची, आधी चाललेली मोटार नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही, कारण डीलर आणि कंपनी यांचे व्यवहार स्वतंत्र होते आणि डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. वॉरंटीच्या दोषात कंपनीची जबाबदारी वेगळी आणि थेट असते, तरी 'आम्हाला कोणी कळवलंच नाही' असं म्हणायला तिला जागा ठेवू नये.

भाच्याने पाठवलेलं पत्र, ओळख पटेल असा तपशील वगळून, असं होतं:

प्रति,
मा. व्यवस्थापक (सर्व्हिस),
(डीलरचं नाव व पत्ता)

प्रत: ग्राहक सेवा विभाग, (कंपनीचं नाव), ई-मेलने

दिनांक: 8 डिसेंबर 2025

विषय: वॉरंटीतील मोटारसायकलमध्ये वारंवार येणारा एकच दोष

संदर्भ: नोंदणी क्र. ____, चासी क्र. ____, इंजिन क्र. ____, खरेदी दि. 14 ऑगस्ट 2025, आजचे कि.मी. 5,590

महोदय,

वरील मोटारसायकल मी आपल्याकडून घेतली असून ती वॉरंटीत आहे. आजवरच्या फ्री सर्व्हिसिंग आपल्याच वर्कशॉपमध्ये वेळेवर झाल्या आहेत. गाडीला बाहेरून कोणतेही दिवे, हॉर्न वा इतर विजेचे साहित्य बसवलेले नाही.

सलग 25 ते 30 कि.मी. चालून इंजिन तापल्यावर ते चालत्या गाडीत अचानक बंद पडते. आचके बसत नाहीत. मीटर व दिवे चालूच राहतात, मात्र गाडी पुढे जात असतानाच आरपीएमचा आकडा शून्य होतो. त्यानंतर किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा आवाज येतो, सेल्फने इंजिन घुमते, पण चालू होत नाही. 10 ते 15 मिनिटांनी पहिल्या प्रयत्नात चालू होते. गार इंजिनवर हा दोष एकदाही आलेला नाही. टाकीत पेट्रोल कमी असताना व भरपूर असतानाही तो आलेला आहे.

या दोषासाठी मी गाडी तीन वेळा आपल्याकडे आणली. दि. 27 सप्टेंबर रोजी (1,940 कि.मी.) थ्रॉटल बॉडी साफ करण्यात आली. या जॉब कार्डावर तक्रार 'पिकअप कमी' अशी लिहिली गेली, प्रत्यक्षात ती इंजिन बंद पडण्याचीच होती. दि. 25 ऑक्टोबर रोजी (3,310 कि.मी.) पेट्रोल बदलण्यात आले. दि. 24 नोव्हेंबर रोजी (4,870 कि.मी.) बॅटरीचे टर्मिनल घट्ट करण्यात आले. प्रत्येक वेळी काही दिवसांतच दोष पुन्हा आला. अलीकडे तो दि. 4 डिसेंबर रोजी महामार्गावर आला. गाडी कडेला थांबवल्यानंतरचे चित्रण ई-मेलने पाठवत आहे.

वर्कशॉपजवळच्या थोड्या अंतराच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या तंत्रज्ञाने स्कॅनरसह माझ्याबरोबर वाई ते सातारा या रस्त्यावर दोष येईपर्यंत गाडी चालवून पाहावी आणि इंजिन गरम असतानाच तपासणी करावी. आढळलेले कोड पुसण्यापूर्वी जॉब कार्डावर लिहावेत. आपले वर्कशॉप कारण शोधू शकत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावे. दोषाचे कारण, केलेले काम व बदललेला पार्ट यांची लेखी नोंद मला द्यावी. तपासणीसाठी गाडी ठेवून घ्यावी लागल्यास तेवढे दिवस पर्यायी वाहन मिळावे.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे माझ्या आणि इतरांच्या जिवाला धोक्याचे आहे. कृपया हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत दोषाचे निवारण करावे. त्यानंतरही तो राहिल्यास गाडी बदलून मिळणे, रक्कम परत मिळणे व भरपाई यांसह कायद्याने असलेले सर्व हक्क मी राखून ठेवत आहे.

सोबत: तीन जॉब कार्डांच्या, खरेदीच्या बिलाच्या व सर्व्हिस बुकच्या छायाप्रती.

आपला,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

पत्रात 'बाहेरून साहित्य बसवलेले नाही' ही ओळ मुद्दाम आहे. विजेच्या दोषात वॉरंटी नाकारण्याचं सर्वांत सोपं कारण म्हणजे कापलेली वायर. जादा एलईडी, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, जीपीएस यांसाठी वायरिंग हार्नेसला कुठेही काप दिला असेल तर डीलर आधी तिकडे बोट दाखवतो. त्यामुळे ही ओळ खरी असेल तरच लिहावी. असं काही बसवलेलं असेल तर पत्राआधी ते काढून, वायरिंग पूर्ववत करून, तरीही दोष येतो का ते पाहावं. सर्व्हिसिंगचंही तसंच. ठरलेल्या किलोमीटर किंवा दिवसांच्या पुढे गेलेली सर्व्हिसिंग हे दुसरं ठरलेलं कारण. आणि ब्रेक शू, क्लच प्लेट, बल्ब, फिल्टर, प्लग ही झिजणारी मंडळी वॉरंटीत सहसा नसतातच. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी बहुधा त्यांच्या त्यांच्या कंपनीची असते. सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानांवर हे सगळं छापलेलं असतं. पत्र लिहिण्याआधी ती पानं एकदा वाचली पाहिजेत.

पत्र दोन प्रतींत घेऊन शोरूममध्ये जावं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याची नोंद ठेवावी. मोबाइलवरच्या संदेशांना सुपरवायझर लवकर उत्तर देतो हे खरं, पण तेवढ्यावर विसंबू नये. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं बोलणं झालं' अशी दोन ओळींची ई-मेल करावी.

भाच्याच्या पत्राला पाचव्या दिवशी उत्तर आलं आणि 17 डिसेंबरला कंपनीचा इंजिनिअर त्याच्याबरोबर निघाला. लिंब फाट्याच्या थोडं अलीकडे गाडी बंद पडली. त्याने तिथेच कडेला सेन्सरचा जोड सोडून मीटर लावला. गार असताना बरोबर येणारं माप आता अनंत दाखवत होतं, म्हणजे आतली तार सुटलेली. वॉरंटीत सेन्सर बदलला, जॉब कार्डावर कारण लिहून मिळालं. पर्यायी वाहन डीलरने दिलं नाही, आणि वॉरंटीच्या अटींत तसं बंधनही नव्हतं. मागितलं म्हणून नुकसान काही झालं नाही, पण सगळ्या मागण्या मान्य होतीलच असं धरून चालू नये.

पंधरा दिवसांत काहीच हललं नसतं तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची होती. 1915 वर फोन केला की तक्रार नोंदली जाते आणि कंपनीकडे पाठवली जाते. ही तडजोडीची सोय आहे, हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही. हुकूम देऊ शकतो तो जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठे का असेना. वस्तूची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि तक्रार 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणत दिवस ढकलणाऱ्यांनी ही मुदत डोक्यात ठेवावी. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तशी मागणी तक्रारीतच करावी. वाहनाच्या दोषावर तज्ज्ञाचा अहवाल नसल्याने ग्राहक हरल्याची प्रकरणं कमी नाहीत.

एक गोष्ट शेवटच्या जॉब कार्डावर राहून जाते. वॉरंटीत बदललेल्या पार्टला बहुधा नवी वॉरंटी मिळत नाही, गाडीच्या वॉरंटीची उरलेली मुदतच त्याला लागू होते. म्हणून बिलाची रक्कम शून्य असली तरी बिल मागून घ्यावं, त्यावर पार्टचा क्रमांक, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर आहेत ना ते पाहावं. तोच पार्ट वर्षभरात पुन्हा गेला, तर दुसऱ्या पत्राच्या संदर्भात सर्वांत वर त्या बिलाचा क्रमांक येतो, आणि तेव्हा गाडी बदलून किंवा पैसे परत मागणाऱ्या वाक्याला पहिल्या पत्रापेक्षा कितीतरी भक्कम आधार असतो.